पहिला भात आणि तुपाची धार

लग्नाच्या पंगतीत मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाज्या हे सगळं लोक बसायच्या आधी वाढून ठेवलं तरी बिघडत नाही. बिघडतं ते गरम भातापाशी. तूप पडेपर्यंत कुणी जेवायला सुरुवात करत नाही. त्यामुळे पहिल्या पानावर मूद पडल्यापासून शेवटच्या पानावर तूप पडेपर्यंत जो वेळ जातो, त्यावरच वाढप्यांची परीक्षा असते.

समजा, समोरासमोर दोन रांगा आहेत, प्रत्येकीत चाळीस पानं. वाटीने मूद पाडून पुढे सरकायला साधारण पाच सेकंद लागतात. एकाच माणसाने ऐंशी पानं घेतली तर पावणेसात मिनिटं जातात आणि पहिल्या मुदीवरची वाफ केव्हाच उडालेली असते. प्रत्येक रांगेला वेगळा माणूस दिला तर हेच काम साडेतीन मिनिटांच्या आत होतं. मुदीमागे वरण, वरणामागे तूप, अशी तिघांची साखळी दोन्ही रांगांत एकाच टोकाकडून निघते. वरण आणि तूप मुदीपेक्षा पटकन वाढून होतं, म्हणून ते मागे, चाल मूदवाल्याची. परात मध्येच रिकामी झाली तर त्याने आत पळायचं नसतं. तो तिथेच उभा राहून हाक मारतो आणि भरलेली परात त्याच्यापाशी येते. तो गेला की परतताना नेमकं एखादं पान सुटतं. ते कुणाच्या लक्षात येत नाही, आणि सुटलं त्याला बोलायला संकोच वाटतो. म्हणून तूपवाल्याच्या मागे एक जाणती व्यक्ती मोकळ्या हाताने चालत जाते, आणि तिने मान हलवल्यावरच श्लोक सुरू होतो.

नव्या पोरांची फसगत दुसरीकडे होते. पानाची डावी बाजू म्हणजे जेवणाऱ्याची डावी. वाढपी त्याच्याकडे तोंड करून उभा, म्हणून चटणी-कोशिंबीर त्याच्या उजव्या हाताला जाते आणि भाज्या डाव्या. पहिलं पान उलटं वाढलं गेलं की मागचे सगळे तेच गिरवतात! कोशिंबीर पाणी सुटण्याआधी, म्हणजे ऐनवेळी कालवावी. नाहीतर तिचं पाणी पानावरून वाहत जातं. पापड-कुरडया सर्वांत शेवटी.

पुढचं त्या मानाने सोपं. मसालेभात, मग जिलेबी आणि मठ्ठा. जिलेबीच्या फेरीला घाई करू नये, कारण यजमानांचा आग्रह तिथेच चालतो आणि वाढप्याने त्यांच्या चालीने थांबत जायचं असतं. या वेळात आतल्यांनी मागच्या भाताची आणि ताकाची भांडी भरून घ्यावीत, म्हणजे जिलेबी संपताच ती बाहेर येतात. सावकाश जेवणाऱ्यांसाठी पंगत थांबते, पण वाढप्यांसाठी ती थांबता कामा नये.