डिझायनरला काय लिहून पाठवायचं?

कोकम सरबत विकणाऱ्या बचत गटाला लेबल हवं असतं, तेव्हा ओळखीतून मिळालेल्या फ्रीलान्स डिझायनरला बहुधा एवढंच जातं: "छानसं लेबल करायचंय, किती घ्याल?" याला प्रामाणिक उत्तर देताच येत नाही. लेबल एकाच बाटलीचं की तीन मापांच्या? चित्र नव्याने काढायचं की फोटो मिळणार? डिझायनर मग अंदाजाने आकडा सांगतो आणि पुढे "हे ठरलं नव्हतं" अशी कुरबुर सुरू होते.

त्याऐवजी असं लिहून पाहा:

"नमस्कार. कोकम सरबताच्या ५०० मिलीच्या बाटलीसाठी एक लेबल हवं आहे. काम एकदाच आहे. आकार २० × ९ सेंमी, मजकूर मराठी आणि इंग्रजी. मजकूर व लोगो आम्ही देऊ, कोकमाचं चित्र तुम्ही काढायचं. आधी दोन कच्चे आराखडे, मग निवडलेल्यात दोनदा दुरुस्त्या. आराखडे १० मार्चपर्यंत आणि छपाईची पीडीएफ व मूळ फाइल २५ मार्चपर्यंत हवी, कारण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात छपाई आहे. बजेट ८,००० रुपये. निम्मे आधी, उरलेले अंतिम फाइलबरोबर. तुम्ही केलेल्या मराठी लेबलांचे दोन-तीन नमुने पाठवाल का?"

यातलं माप बाटलीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून घ्यावं. मूळ फाइल आधीच मागून ठेवायची, नाहीतर पुढे किंमत बदलली की त्याच डिझायनरला शोधत बसावं लागतं.

खरी गडबड मजकुरात होते. घटक, निव्वळ प्रमाण, एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक, शाकाहारी चिन्ह, बॅच आणि तारखेचा शिक्का मारायची मोकळी जागा, हे सगळं डिझाइन पसंत झाल्यावर आठवलं की मांडणीच मोडते. ही दुरुस्ती नव्हे, नवं काम आहे, आणि डिझायनरने त्याचे वेगळे पैसे मागितले तर ते योग्यच. म्हणून मजकूर पक्का झाल्याशिवाय निरोप पाठवू नये.

नमुना म्हणजे आधी केलेलं काम. तुमच्याच लेबलाचं चित्र फुकट करून मागणं चूक आहे. चाचणी हवीच असेल तर तिचे पैसे द्यावेत. नमुन्यांत बारीक अक्षरं पाहा: जोडाक्षरं तुटलेली, वेलांट्या वरच्या ओळीला टेकलेल्या दिसल्या, तर त्या व्यक्तीला देवनागरीची सवय नाही. स्क्रीनवरच्या चकचकीत बाटलीपेक्षा छापून चिकटवलेल्या लेबलाचा फोटो मागावा.

आणि २५ तारीख ठरवताना छपाईआधीचे दोन दिवस राखून ठेवा. साध्या कागदावर लेबल खऱ्या आकारात छापून बाटलीला चिकटवलं, की गोलाईमुळे कोणता मजकूर मागे लपतोय ते लगेच कळतं.