जॉइनिंग बोनसची वसुली: राजीनाम्याची तारीख की शेवटचा दिवस?

नोकरी सोडल्यावर ‘फुल अँड फायनल’चा हिशेब हाती येतो आणि त्यात कंपनीकडून पैसे येण्याऐवजी कंपनीलाच पैसे देणे निघते. शेवटचा पगार आणि रजेचे पैसे ‘जॉइनिंग बोनस वसुली’ या एका ओळीने गिळलेले असतात.

समजा, एक इंजिनिअर १ जुलै २०२३ रोजी रुजू झाली. जॉइनिंग बोनस २,४०,००० रुपये. नेमणूकपत्रातली अट अशी, की २४ महिन्यांच्या आत नोकरी सोडल्यास तो परत करावा लागेल. तिने १५ मे २०२५ रोजी राजीनामा दिला आणि ६० दिवसांचा नोटीस पीरियड पूर्ण करून १४ जुलैला ती बाहेर पडली. म्हणजे २४ महिने भरल्यानंतर. कंपनीने मात्र राजीनाम्याची तारीख धरून पूर्ण बोनस कापला.

इथे सगळे काही अटीच्या शब्दांवर ठरते. ‘राजीनामा दिल्यास’ असे लिहिले असेल, तर कंपनीची बाजू भक्कम. ‘नोकरी सोडल्यास’ एवढेच असेल, तर नोटीस पीरियडमध्येही नोकरी चालूच असते, हा तिचा मुद्दा खरा ठरतो. मजकूर कंपनीचा असल्याने खऱ्या संदिग्धतेचा फायदा कर्मचाऱ्याला मिळावा, असा युक्तिवाद करता येतो. वसुली पूर्ण रकमेची की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, हेही त्याच कलमात पाहावे. मुदतीआधी सहा महिने सोडणाऱ्याला प्रमाणाच्या हिशेबाने फक्त ६०,००० रुपये लागतील.

दुसरी खाच कराची. तिच्या बोनसवर ३१.२ टक्के दराने टीडीएस कापला गेला असेल, तर हातात १,६५,१२० रुपयेच पडले. वसुली २,४०,००० ची झाली, तर उरलेले ७४,८८० रुपये तिच्या खिशातून जातात. बोनस आणि वसुली एकाच आर्थिक वर्षात असेल, तर कंपनीला पगाराच्या हिशेबात हा कर जुळवून घेता येतो. इथे मध्ये दोन वर्षे उलटली, त्यामुळे वाद होतो. म्हणून वसुली ढोबळ रकमेची की हाती पडलेल्या रकमेची, हे सही करण्याआधीच विचारायला हवे. वसुलीवर १८ टक्के जीएसटी लावला असेल, तर तोही तपासावा: बाँडची रक्कम आणि नोटीस पे यांच्या वसुलीवर जीएसटी लागत नाही, असे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे.

अशा अटी मुळातच बेकायदा असतात, या भरवशावर मात्र राहू नये. विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली. त्या अधिकाऱ्याने पैसे भरले होते, पण निषेध नोंदवून. त्यामुळेच पुढे कोर्टात जाता आले. ‘सर्व येणी मिळाली’ अशा कागदावर सही करण्याआधी कलम क्रमांक आणि हिशेब एचआरकडे ईमेलने मागावा, आणि आपली हरकत त्याच ईमेलमध्ये लिहून ठेवावी.