राहायला नाशिकला, नोकरी हवी पुण्यात: रिक्रूटरच्या शोधात प्रोफाइल दिसावं म्हणून काय करायचं?

पुण्यातली कंपनी माणूस शोधत असते. त्याच कामाचा अनुभव असलेला माणूस नाशिकमध्ये बसून पुण्यातली नोकरी शोधत असतो. तरीही दोघांची गाठ पडत नाही. अनेकदा याचं कारण अनुभवात किंवा शिक्षणात नसतं, तर प्रोफाइलमधल्या शहराच्या रकान्यात असतं.

रिक्रूटर एकेक प्रोफाइल उघडून वाचत बसत नाही. तो आधी पद, अनुभव आणि शहर अशा चाळण्या लावतो आणि खाली उरलेली नावं पाहतो. शहराच्या चाळणीत जो अडकला, त्याचा बायोडेटा कितीही चांगला असला तरी तो उघडलाच जात नाही. नकाराचा मेलही येत नाही, त्यामुळे नेमकं कुठे अडलं हे उमेदवाराला कळत नाही.

मग दुसऱ्या शहरातल्या रिक्रूटरला आपण दिसावं, यासाठी नेमकं काय भरायचं?

एक शहर नाही, दोन शहरं

लिंक्डइन असो वा नोकरी डॉट कॉम, दोन्हीकडे शहराचे दोन वेगळे रकाने असतात. पहिला, 'सध्या कुठे राहता' याचा. दुसरा, 'कुठे काम करायला तयार आहात' याचा. बहुतेक जण खातं उघडताना पहिला भरतात. दुसरा रिकामा राहतो, किंवा घाईत काहीतरी भरून सोडून दिला जातो.

रिक्रूटरच्या बाजूने हे दोन रकाने वेगवेगळे वाचले जातात. कंपन्या पैसे भरून लिंक्डइन रिक्रूटर ही सेवा घेतात. त्यात शहर टाकल्यावर तीन पर्याय मिळतात: "Current", "Open to relocate only" आणि "Current or open to relocate". पहिला निवडला तर फक्त त्या शहरात राहणारे दिसतात. दुसऱ्यात तिथे यायला तयार असलेले, तर तिसऱ्यात दोन्ही प्रकारचे दिसतात.

म्हणजे नाशिकच्या उमेदवाराने दुसरा रकाना नीट भरला असेल, तर पुण्याच्या शोधात तो दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायात सापडतो. रकाना रिकामा असेल, तर तिन्हींत तो गायब असतो.

लिंक्डइनवर हे कुठे भरायचं?

स्वतःच्या प्रोफाइलवर नावाखाली "Open to" हे बटण असतं. त्यात "Finding a new job" निवडल्यावर पद, कामाचा प्रकार आणि ठिकाण विचारलं जातं. इथे एक गफलत वारंवार होते. "Location types" मध्ये "On-site", "Hybrid" आणि "Remote" असे तीन प्रकार असतात. घरून काम मिळालं तर बरं, असा विचार करून फक्त "Remote" वर टिक केली, तर ऑफिसात येऊन करायच्या कामासाठी पुणे हे शहर नोंदवलंच जात नाही. शहर बदलायची तयारी असेल, तर "On-site" आणि "Hybrid" हे दोन्ही निवडून मग ठिकाण टाकावं.

ठिकाण टाईप करताना खाली जी यादी उघडते, तिच्यातूनच नाव निवडावं आणि राज्याचं नाव वाचून घ्यावं. औरंगाबाद महाराष्ट्रातही होतं (आताचं छत्रपती संभाजीनगर) आणि बिहारमध्येही आहे. हैदराबाद तेलंगणात आहे आणि पाकिस्तानातल्या सिंध प्रांतातही. घाईत चुकीच्या ओळीवर बोट पडलं, तर प्रोफाइल भलत्याच शोधात जातं.

पण या सोयीला एक मर्यादा आहे. छोट्या कंपन्यांचे एचआर किंवा थेट मालक अनेकदा पैसे न भरता साधा शोध वापरतात. त्या शोधातली शहराची चाळणी फक्त पहिला रकाना पाहते, म्हणजे नावाखाली दिसणारं शहर. तिथे 'यायला तयार' असा पर्यायच नसतो.

अशा वेळी उपयोगी पडते ती हेडलाइन, म्हणजे नावाखालची एका ओळीची ओळख. साध्या शोधात कुणी पदाबरोबर "Pune" हा शब्द टाईप केला, तर हेडलाइनमध्ये तो असल्याचा फायदा होऊ शकतो. शिवाय यादीत नाव दिसताच हेतूही कळतो:

```
Quality Engineer, Auto Components | Nashik, moving to Pune in June
```

नोकरी डॉट कॉमवर 'कुठेही चालेल' का चालत नाही?

नोकरी डॉट कॉमवर सध्याचं शहर मूळ माहितीत असतं, तर हवं असलेलं शहर "Career profile" या भागात "Preferred work location" म्हणून भरायचं असतं. तिथे दहापर्यंत शहरं टाकता येतात, आणि मोह तिथेच होतो. जितकी जास्त शहरं, तितके जास्त कॉल, असं वाटतं.

रिक्रूटर मात्र ते उलट वाचतो. या साईटवर कंपन्या ज्या डेटाबेसमध्ये उमेदवार शोधतात, त्याचं नाव रेसडेक्स. त्यात शहर निवडल्यावर, तिथे यायला तयार असलेल्यांनाही यादीत घ्यायचं का, अशी टिक असते. त्याच्याच जवळ आणखी एक टिक असते: 'कुठेही चालेल' असं लिहिलेल्यांना वगळा. ही सोय का असावी, हे समजायला अवघड नाही. सगळीकडे यायला तयार असलेला माणूस ऑफर घेऊन ऐनवेळी दुसऱ्या शहरात जाईल, ही भीती रिक्रूटरला असते. कुणी ऑफर स्वीकारून रुजू झालं नाही, तर महिना-दोन महिन्यांची मेहनत वाया जाते.

म्हणून खरोखर जायचं असलेली एक किंवा दोन शहरंच भरावीत. मुंबईसाठी मात्र नवी मुंबई आणि ठाणे ही नावं वेगळी निवडावीत, कारण कंपनी त्यातलं कोणतं नाव टाकून शोधेल हे आधी सांगता येत नाही.

एक उदाहरण

समजा, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एक क्वालिटी इंजिनिअर काम करते. नवऱ्याची बदली पुण्याला झाली आहे आणि मुलीला जूनमध्ये तिथल्या शाळेत घालायचं आहे. तिला चाकण, तळेगाव किंवा रांजणगावच्या वाहन-सुट्या भागांच्या कारखान्यात काम हवं आहे. तिचा नोटीस पिरियड 60 दिवसांचा आहे.

आधी तारखांचा हिशेब करायला हवा. 10 एप्रिलला राजीनामा दिला, तर 60 दिवस 9 जूनला पूर्ण होतात. म्हणजे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ऑफर हातात हवी आणि शोध जानेवारीतच सुरू व्हायला हवा. मार्चमध्ये प्रोफाइल बदललं, तर शाळा सुरू होईल तेव्हा ती नाशिकमध्येच अडकलेली असेल.

जानेवारीत ती लिंक्डइनवर नावाखालचं शहर नाशिकच ठेवते. "Open to" मध्ये "On-site" निवडून पुणे टाकते आणि हेडलाइनमध्ये वरची ओळ लिहिते. नोकरी डॉट कॉमवर हवं असलेलं शहर फक्त पुणे ठेवते. बायोडेटाच्या माथ्यावर पत्त्याच्या जागी 'सध्या नाशिक. कुटुंब पुण्यात, जूनपासून पुण्यात वास्तव्य' असं लिहिते.

शेवटची ओळ सर्वात महत्त्वाची. बाहेरगावच्या उमेदवाराबद्दल रिक्रूटरला दोन शंका असतात: ही व्यक्ती खरंच येईल का, आणि कधी येईल? 'स्थलांतरास तयार' एवढ्याने पहिली शंका मिटत नाही. कुटुंब तिथे आहे हे कारण आणि जून हा महिना, यांनी दोन्ही मिटतात.

मग सरळ शहरच बदलून पुणे लिहिलं तर?

असं बरेच जण करतात आणि त्याने शोधात नाव वर येतंही. पण पुढची अडचण फोन आल्यावर सुरू होते. स्थानिक उमेदवार समजून रिक्रूटर 'उद्या सकाळी 10 वाजता चाकणला या' असं म्हणतो. नाशिकहून पुणे रस्त्याने 200 किलोमीटरहून जास्त आहे. सुट्टी टाकून दोन-तीन फेऱ्यांची तयारी नसेल, तर खरं सांगावं लागतं, आणि मग बाकी माहितीवरही शंका येते. शिवाय सध्याच्या नोकरीच्या नोंदीत वेगळं ठिकाण दिसतच असतं.

शहर बदलायची योग्य वेळ म्हणजे जाणं पक्कं झाल्यावर: पुण्यात घर घेतलं, किंवा दोन-तीन आठवड्यांत तिथे राहायला जायचं आहे आणि मुलाखतीला कधीही हजर राहता येतं, तेव्हा. त्यातही लिंक्डइन, नोकरी डॉट कॉम आणि बायोडेटा तिन्ही एकाच दिवशी बदलावेत. एकीकडे नाशिक आणि दुसरीकडे पुणे दिसलं की रिक्रूटर गोंधळतो.

सध्याच्या कंपनीला कळेल का?

लिंक्डइनवर ही माहिती फक्त रिक्रूटरना दाखवायची की सगळ्यांना, हे निवडता येतं. सगळ्यांना दाखवली तर फोटोभोवती हिरवी कड येते. 'फक्त रिक्रूटर' निवडल्यास सध्याच्या कंपनीतल्या रिक्रूटरपासून ती लपवण्याचा प्रयत्न लिंक्डइन करतं, मात्र पूर्ण गुप्ततेची हमी देत नाही. नोकरी डॉट कॉमवर ठरावीक कंपन्यांना ब्लॉक करता येतं. पण हेडलाइन सर्वांना दिसते. त्यामुळे ऑफिसात अजून सांगितलं नसेल, तर ती पुण्याची ओळ तिथे लिहू नये. बायोडेटात आणि बंद रकान्यांतच ठेवावी. साध्या शोधातून येणारे काही कॉल त्यामुळे हुकतील, पण हातची नोकरी धोक्यात येणार नाही.

बदल लागू पडला की नाही, कसं ओळखायचं?

दोन्ही साईटवर आपलं प्रोफाइल किती वेळा शोधात आलं, याचा आकडा "Search appearances" या नावाने दिसतो. बदल करण्याआधी तो लिहून ठेवावा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहावा. नुसत्या आकड्यापेक्षा फोन आणि मेसेज कुठल्या शहरातून येतात, ते जास्त बोलकं असतं. आकडा वाढला, पण कॉल अजून नाशिकचेच येत असतील, तर दुसरा रकाना पुन्हा उघडून शहर आणि कामाचा प्रकार तपासावा. शहर बरोबर असून फोन येतात, पण 'आम्हाला स्थानिक उमेदवार हवाय' असं ऐकू येतं, तर सेटिंग काम करतंय. कमी आहे ती कारण आणि तारीख सांगणारी ओळ.

नव्या नोकरीत रुजू झाल्यावर मात्र पहिल्याच आठवड्यात "Open to" बंद करावं आणि नावाखालचं शहर बदलावं. नाहीतर नव्या कंपनीच्या एचआरला आपला नवा माणूस अजून नोकरी शोधताना दिसेल.