पाठवले दहा, पोचले नऊ

क्रिप्टो एक्सचेंजकडे पाठवलेली छोटी रक्कम दोन-तीन तास उलटले तरी खात्यात दिसत नाही, तेव्हा पहिली शंका चोरीची येते आणि दुसरी आपलाच पत्ता चुकल्याची. बरेचदा दोन्ही खरं नसतं. रक्कम बरोबर पत्त्यावर पोचलेली असते, पण ती एक्सचेंजनं ठरवलेल्या किमान जमा रकमेपेक्षा कमी असते, म्हणून खात्यावर चढत नाही. ही अट पैसे भरण्याच्या पानावर, पत्त्याच्या आणि क्यूआर कोडच्या खाली बारीक अक्षरांत Minimum Deposit अशी लिहिलेली असते. पत्ता कॉपी करण्याच्या घाईत ती वाचायची राहून जाते.

यात सर्वाधिक सापडतात ते सावधपणे वागणारे लोक. मोठी रक्कम पाठवण्याआधी थोडी पाठवून पाहावी, हा सल्ला योग्यच आहे. पण ती ‘थोडी’ किमान मर्यादेच्या खाली गेली, तर चाचणीतून काहीच कळत नाही आणि रक्कमही अडकते.

एक उदाहरण आकड्यांसह पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, कारण प्रत्येक एक्सचेंजची मर्यादा वेगळी असते, नाण्यागणिक आणि नेटवर्कगणिक बदलते. समजा, नाशिकच्या एका तरुणाचे काही यूएसडीटी एका परदेशी एक्सचेंजवर आहेत. यूएसडीटी म्हणजे साधारण एका डॉलरच्या किमतीला बांधलेलं टोकन. त्याला ते आपल्या दुसऱ्या एक्सचेंजवर न्यायचे आहेत. तिथं ट्रॉन नेटवर्कवरून, म्हणजे पडद्यावर TRC20 असं दिसतं त्या मार्गानं, किमान 10 यूएसडीटी भरावे लागतात. मर्यादा वाचून तो बरोबर 10 चा आकडा टाकतो. पाठवणारं एक्सचेंज 1 यूएसडीटी शुल्क त्यातूनच कापून घेतं. पोचतात 9. त्यानं नियम वाचला होता, तरी व्यवहार मर्यादेखाली गेला, कारण मर्यादा लागू होते ती पोचलेल्या रकमेला. हेच 10 यूएसडीटी त्यानं स्वतःच्या वॉलेटमधून पाठवले असते, तर शुल्क बहुधा वेगळं, टीआरएक्स या ट्रॉनच्या मूळ नाण्यात गेलं असतं आणि पूर्ण 10 पोचले असते.

आता त्यानं काय करावं? आधी नेमकं काय झालं आहे ते पाहावं. पाठवणाऱ्या एक्सचेंजच्या इतिहासात त्या व्यवहारापुढे TxID नावाचा लांबलचक क्रमांक असतो. ट्रॉनसाठी तो ट्रॉनस्कॅनवर, इथेरियमसाठी इथरस्कॅनवर टाकला की व्यवहाराची सार्वजनिक नोंद उघडते. तिथं तीन गोष्टी बघायच्या. व्यवहार यशस्वी झाला आहे का, पैसे गेलेला पत्ता आपल्या एक्सचेंजनं दिलेलाच आहे का, आणि पोचलेली रक्कम किती. व्यवहार यशस्वी, पत्ता बरोबर आणि रक्कम मर्यादेपेक्षा कमी असेल, तर कारण सापडलं. रक्कम पुरेशी असूनही जमा नसेल, तर दुखणं वेगळं आहे. नेटवर्कची पुष्टी अजून पुरी झाली नसेल, नेटवर्क चुकीचं निवडलं असेल, किंवा एक्सआरपीसारख्या नाण्यात पत्त्यासोबत लागणारा टॅग राहिला असेल. त्यांचे उपाय निराळे आहेत, म्हणून हा पडताळा तक्रारीच्या आधीच करावा.

एवढ्याशा रकमेला एक्सचेंज हात का लावत नाही, हेही समजून घ्यायला हवं, कारण उपाय त्यातच आहे. अशा एक्सचेंजवर बहुतेक वेळा प्रत्येक ग्राहकाला पैसे भरण्यासाठी स्वतंत्र पत्ता मिळतो. तिथं आलेली रक्कम एक्सचेंजला पुढे स्वतःच्या मुख्य वॉलेटमध्ये गोळा करावी लागते आणि त्या प्रत्येक हालचालीला नेटवर्कचं शुल्क पडतं. बिटकॉइनमध्ये आलेली प्रत्येक रक्कम हा वेगळा तुकडा राहतो. तो पुढे खर्चताना आजच्या प्रचलित पत्त्यांच्या प्रकारात व्यवहाराचा आकार सुमारे 68 व्हर्च्युअल बाइटनं वाढतो. शुल्काचा दर प्रति बाइट 20 सातोशी असेल, तर तो तुकडा हलवायलाच 1,360 सातोशी लागतात. कुणी 1,000 सातोशी पाठवले असतील, तर ते उचलणं म्हणजे दहा रुपयांच्या वसुलीला पंधरा रुपयांचं पेट्रोल जाळणं. ट्रॉन किंवा इथेरियमवरच्या टोकनांचा आणखी एक खर्च असतो. ग्राहकाच्या पत्त्यावर नुसते यूएसडीटी असून भागत नाही. ते हलवण्याचं शुल्क टीआरएक्स किंवा इथरमध्ये द्यावं लागतं, आणि त्याची सोय एक्सचेंजला करावी लागते. म्हणून मर्यादा असणं समजण्यासारखं आहे. पण अडकलेल्या रकमेचं पुढे काय करायचं, हा प्रश्न त्यानं सुटत नाही.

त्या प्रश्नाची दोन उत्तरं आढळतात. काही एक्सचेंज रकमांची बेरीज धरतात. त्याच पत्त्यावर, त्याच नाण्यात आणि त्याच नेटवर्कवरून पुढे आलेल्या पैशांसह एकूण मर्यादा ओलांडली, की सगळं मिळून खात्यात चढतं. काही एक्सचेंज प्रत्येक व्यवहार सुटा मोजतात. तिथं 9 अधिक 9 असे 18 यूएसडीटी येऊन पडले, तरी दोन्ही व्यवहार मर्यादेखालीच ठरतात. आपलं एक्सचेंज कोणत्या पद्धतीचं आहे, हे त्याच्या मदत विभागात किंवा अटींमध्ये शोधावं. सापडलं नाही तर लेखी विचारावं आणि उत्तर येईपर्यंत आणखी पैसे पाठवू नयेत.

बेरीज धरणारं एक्सचेंज असेल, तरी नाशिकच्या तरुणानं उरलेला 1 यूएसडीटी पाठवून नेमके 10 करण्याच्या फंदात पडू नये. दुसरी रक्कम स्वतःच्या बळावर मर्यादा ओलांडेल एवढी ठेवावी. त्यानं 12 चा आकडा टाकला, तर शुल्क जाऊन 11 पोचतील. बेरजेचा नियम असेल तर खात्यात 20 दिसतील. नियम समजण्यात चूक झाली असेल, तरी 11 नक्की जमा होतील आणि जुने 9 तेवढे राहतील. पाठवण्याआधी पैसे भरण्याचं पान पुन्हा उघडून पत्ता तोच आहे ना हे ताडून घ्यावं, कारण काही ठिकाणी, विशेषतः बिटकॉइनसाठी, नवा पत्ता दिला जातो आणि मग बेरीज जुळत नाही. आणि हे सगळं त्या खात्यात पैसे भरायचेच असतील तरच करावं. अडकलेल्या सातशे-आठशे रुपयांसाठी नको असलेली रक्कम हलवण्यात अर्थ नाही.

दुसरी रक्कम जमा झाली आणि जुनी मात्र आली नाही, तर ट्रॉनस्कॅनवर आपला पत्ता पुन्हा उघडावा. ट्रॉन आणि इथेरियमवर एका टोकनची सगळी शिल्लक एकत्र असते. एक्सचेंजनं 11 ऐवजी पूर्ण 20 यूएसडीटी आपल्या मुख्य वॉलेटकडे ओढून घेतलेले दिसले, तर जुने 9 देखील त्यांच्या ताब्यात गेले, आणि त्यासाठी त्यांना वेगळा खर्चही पडला नाही. ‘रक्कम उचलणं परवडत नाही’ हे कारण तिथं उरत नाही. हा पुरावा सार्वजनिक असतो आणि तक्रारीत तो फार उपयोगी पडतो.

तक्रार अॅपमधल्या अधिकृत मदत विभागातूनच करावी आणि मोजकी ठेवावी:

“माझ्या खात्याच्या जमा पत्त्यावर अमुक तारखेला अमुक वाजता TRC20 नेटवर्कवरून 9 यूएसडीटी आले. TxID सोबत दिला आहे. ही रक्कम किमान मर्यादेपेक्षा कमी आहे, हे मला मान्य आहे. त्याच पत्त्यावरच्या पुढच्या रकमेत ती मिळवली जाते का? नसल्यास शुल्क कापून ती जमा किंवा परत करता येईल का? दोन्ही शक्य नसल्यास अटींमधलं संबंधित कलम कळवावं.”

सोबत पैसे भरण्याच्या पानाचं चित्र जोडावं. काही एक्सचेंज शुल्क घेऊन हातानं जमा करून देतात, आणि मग रक्कम शुल्कापेक्षा मोठी आहे की नाही, एवढाच हिशेब उरतो. अटींमध्ये ‘मर्यादेखालची रक्कम जमा होणार नाही आणि परतही मिळणार नाही’ असं स्पष्ट असेल, तर हाती फार काही लागत नाही. पाठवणाऱ्यालाही व्यवहार मागे घेता येत नाही, कारण ब्लॉकचेनवरचा पुष्टी झालेला व्यवहार उलटवण्याची सोयच नसते.

एक्सचेंज उत्तरच देत नसेल, तर भारतातल्या ग्राहकानं कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावं. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांत तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात करण्याची तरतूद आहे. त्यानंतर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्यात मात्र वेळ घालवू नये, कारण क्रिप्टो एक्सचेंज त्याच्या कक्षेत येत नाहीत. मार्च 2023 पासून या कंपन्यांना मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते, पण ती संस्था ग्राहकांचे वाद सोडवत नाही.

अडकलेल्या रकमेबद्दल समाजमाध्यमांवर लिहिलं, की काही मिनिटांत टेलिग्रामवर ‘मदतनीस’ हजर होतात. ते वॉलेटचे गुप्त शब्द मागतात, फोनचा पडदा दाखवायला सांगतात, किंवा रक्कम ‘मोकळी’ करायला आगाऊ शुल्क मागतात. एक्सचेंजच्या ताब्यातल्या पत्त्यावरची रक्कम बाहेरचा कुणीही हलवू शकत नाही, त्यामुळे असा प्रत्येक दावा खोटा समजावा. बनावट एक्सचेंज तर हीच अडचण हत्यारासारखी वापरतात. खात्यात नफा दिसतो, पण काढायला गेलं की ‘तुमची जमा किमान मर्यादेपेक्षा कमी आहे, आणखी भरा’ असं सांगतात. खरी मर्यादा पैसे भरताना आधीच लिहिलेली असते, पैसे काढताना ती अचानक उगवत नाही. असा प्रकार झाला, तर 1930 या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर लगेच कळवावं.

एक्सचेंजनाही एक गोष्ट सहज करता येण्यासारखी आहे. पाठवण्याच्या पानावर शुल्क जाऊन किती पोचतील हा आकडा ठळक दिसायला हवा, आणि भरण्याच्या पानावर मर्यादेशेजारीच ‘कमी आल्यास पुढच्या रकमेत मिळवू’ किंवा ‘मिळवणार नाही’ हे एक वाक्य हवं. ज्या पानावर क्यूआर कोडला जागा आहे, तिथं या वाक्यालाही आहे. ग्राहकाचे नऊ डॉलर किरकोळ ठरवून गप्प बसणं मला गैर वाटतं. ते पैसे कुणाचे आहेत, याबद्दल कधीच वाद नसतो.

तोवर हिशेब आपणच करायचा. चाचणीची रक्कम ठरवताना घेणाऱ्याची किमान मर्यादा, पाठवणाऱ्याचं शुल्क आणि वर थोडी जास्तीची रक्कम, अशी बेरीज करावी. 10 ची मर्यादा आणि 1 चं शुल्क असेल, तर 11 वर न थांबता 12 किंवा 13 पाठवावेत, आणि ते खात्यात चढलेले दिसल्यावरच मोठ्या रकमेला हात घालावा.