अनुवादाच्या कोटेशनमध्ये नेमकं काय असतं

शेतातलं तण काढणारं छोटं पॉवर वीडर बनवणाऱ्या एखाद्या कारखानदाराचा विचार करा. यंत्र तयार आहे, विक्रेते ठरले आहेत, चाळीस पानांचं इंग्रजी माहितीपुस्तकही छापून झालं आहे. आता गावोगावच्या शेतकऱ्याला ते मराठीत द्यायचं आहे. मालक दोन अनुवादकांना फोन करून विचारतात, ‘किती घ्याल?’ एक जण फोनवरच एक ठोक रक्कम सांगतो. दुसरी अनुवादिका म्हणते, ‘साहेब, मूळ फाइल पाठवा. दोन दिवसांत कोटेशन देते.’ मग तिच्याकडून तीन पानं येतात. त्यात शब्दांचे तीन वेगळे दर असतात, आकृत्यांचा स्वतंत्र हिशेब असतो आणि किती वेळा दुरुस्त्या करून मिळतील त्याच्या अटी असतात. मालकांना वाटतं, एवढ्याशा कामाला एवढा पसारा कशाला? मी स्वतः हे काम करते आणि माझं ठाम मत आहे की या तीन पानांतली प्रत्येक ओळ मालकांच्याच पैशांचं रक्षण करते. ती कशी, ते या पॉवर वीडरच्याच हिशेबातून पाहू. दर हिशेबापुरते धरलेले आहेत. प्रत्यक्षात ते माणसागणिक आणि विषयागणिक बदलतात.

पहिला प्रश्न असा की शब्द मोजायचे कुठले, मूळ इंग्रजीतले की अनुवादानंतरच्या मराठीतले? इंग्रजी मजकूर मराठीत आला की शब्दांची संख्या बहुधा घटते, कारण मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दालाच चिकटतात आणि इंग्रजीतली उपपदं गळून पडतात. ‘इंजिन चालू असताना पंख्याला हात लावू नका’ हे मराठीत सात शब्द झाले. हीच सूचना साध्या इंग्रजीत लिहिली तर दहा होतात. आपल्या पुस्तकात इंग्रजी शब्द ९,६०० आहेत. मराठीत ते ७,५०० च्या आसपास होतील असं धरू. एकाने मूळ शब्दाला ३ रुपये सांगितले तर २८,८०० रुपये होतात. दुसऱ्याने मराठी शब्दाला साडेतीन सांगितले तर २६,२५० होतात. दर जास्त आणि बिल कमी! म्हणून नुसता दर पाहून दोन कोटेशनं शेजारी ठेवता येत नाहीत. मूळ शब्दांवर हिशेब करणं मला जास्त योग्य वाटतं, कारण तो आकडा काम सुरू होण्याआधीच दोघांनाही ठाऊक असतो आणि अनुवादकाला वाक्य लांबवण्याचा मोह उरत नाही.

पानामागे दर घेणं साहित्याच्या किंवा न्यायालयीन कागदांच्या बाबतीत चालत आलं आहे. यंत्राच्या पुस्तकात मात्र एका पानावर तीनशे शब्द असतात आणि पुढच्या पानावर एक आकृती आणि पाच शब्द. त्यामुळे पान हे इथलं माप होऊ शकत नाही.

आता तीन वेगळ्या दरांकडे वळू. यंत्राच्या पुस्तकात तीच वाक्यं पुन्हा पुन्हा येतात. ‘काम सुरू करण्यापूर्वी इंजिन बंद करा आणि थंड होऊ द्या’ ही सूचना तेल बदलताना येते, पाती बदलताना येते, एअर फिल्टर साफ करतानाही येते. अनुवादक ट्रॅडोस, मेमोक्यू किंवा मोफत मिळणारं ओमेगाटी अशी सॉफ्टवेअर वापरतात. ही सॉफ्टवेअर अनुवाद करत नाहीत. आपण केलेलं प्रत्येक वाक्य ती मूळ वाक्यासोबत जपून ठेवतात, आणि तेच वाक्य पुन्हा आलं की समोर आणून ठेवतात. या साठ्याला ट्रान्सलेशन मेमरी म्हणतात. काम घेण्याआधी फाइल त्यात टाकली की किती शब्द नवे, किती जसेच्या तसे पुन्हा आलेले आणि किती थोड्या फरकाने आलेले याचा तक्ता मिळतो.

आपल्या पुस्तकात ६,००० शब्द नवे निघाले, २,४०० हुबेहूब पुनरावृत्तीचे आणि १,२०० थोडा फरक असलेले, असं समजा. नव्या शब्दाला पूर्ण ३ रुपये, म्हणजे १८,०००. थोड्या फरकाच्या वाक्यात जुना अनुवाद समोर असतो, पण फरक नेमका हेरून दुरुस्त करावा लागतो. त्याला १ रुपया ८० पैसे धरले तर २,१६० होतात. पुनरावृत्तीला ७५ पैसे, म्हणजे १,८००. एकूण २१,९६० रुपये. सरसकट ३ रुपयांनी २८,८०० झाले असते.

पुनरावृत्ती तर फुकटच असायला हवी, असं अनेक खरेदी अधिकारी म्हणतात. ते मला पटत नाही. हुबेहूब तेच वाक्य नव्या जागी चुकीचं ठरू शकतं. ‘तो घट्ट करा’ हे वाक्य नटाच्या संदर्भात बरोबर असतं, पण पुढच्या पानावर तीच इंग्रजी सूचना झाकणासाठी आली की मराठीत ‘ते घट्ट करा’ म्हणावं लागतं. मराठीतलं लिंग सॉफ्टवेअर पाहत नाही, माणसाला पाहावं लागतं. ते ७५ पैसे त्या नजरेचे आहेत.

सगळ्यात जास्त वाद होतात ते आकृत्यांवरून, म्हणून इथे जरा थांबते. वर्डमध्ये किंवा पीडीएफवर शब्द मोजले तर चित्रात रुतलेला मजकूर मोजला जात नाही. आपल्या पुस्तकात २२ आकृत्या आहेत. त्यातल्या १३ आकृत्यांत फक्त १, २, ३ असे आकडे आहेत आणि भागांची नावं खाली यादीत दिली आहेत. ती यादी साध्या मजकुरातच धरली गेली. उरलेल्या ९ आकृत्यांत बाणांच्या टोकाला थेट इंग्रजी नावं छापली आहेत. ती हाताने मोजली, ३१० शब्द भरले. ३ रुपयांनी त्यांचे ९३० झाले. पण खरा खर्च अनुवादाचा नसतो, नावं जागेवर बसवण्याचा असतो. नऊपैकी सहा आकृत्या कारखान्याच्या ड्रॉइंग विभागाकडे मूळ स्वरूपात आहेत. त्यांत इंग्रजी अक्षरं पुसून मराठी टाकायला प्रत्येकी १५० रुपये धरू, म्हणजे ९००. तीन मात्र नुसत्या जेपीजी आहेत. तिथे अक्षरांमागचा भाग पुन्हा रंगवावा लागतो, तुटलेल्या रेषा जोडाव्या लागतात. त्यांना प्रत्येकी ५००, म्हणजे १,५००. आकृत्यांचे मिळून ३,३३० रुपये झाले.

याच ठिकाणी अनुवादिकेने कोटेशनमध्ये एक सूचना लिहिली असेल तर ती मालकांनी नक्की वाचावी. या नऊ आकृत्यांतली नावं काढून तिथे आकडे टाका आणि नावांची यादी खाली द्या. एकदा एवढं केलं की उद्या हिंदी, कन्नड किंवा तेलुगू आवृत्ती काढताना आकृत्यांना हातही लावावा लागत नाही.

देवनागरीची म्हणून एक स्वतंत्र अडचण आहे. आपल्या अक्षरांना वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असतात, त्यामुळे इंग्रजीसाठी आखलेल्या चौकटीत ओळी एकमेकींवर चढतात. पानं लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय सुरू केलेली नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं फुटतात. आपल्याकडचे अनेक छापखाने अजून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटवर काम करतात. युनिकोडमधला मजकूर तिकडे नेला की या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसलेले असल्यामुळे तेलाची ग्रेड किंवा मॉडेल क्रमांक ओळखू न येणारा होतो. मराठी न वाचणाऱ्या डिझायनरला हे दिसत नाही. म्हणून छपाईपूर्वीची पानं अनुवादकाने डोळ्यांखालून घालणं हा वेगळा टप्पा आहे. पानाला ३० रुपये धरले तर चाळीस पानांचे १,२०० होतात.

उरतो तो दुसऱ्या वाचकाचा खर्च. अनुवाद सेवेसाठीचं आयएसओ १७१०० हे २०१५ चं मानक सांगतं की मूळ आणि अनुवाद शेजारी ठेवून तपासणी दुसऱ्या व्यक्तीने केलीच पाहिजे, अनुवादकाने स्वतः परत वाचलं म्हणजे ती झाली असं होत नाही. शब्दाला ७५ पैसे दराने ९,६०० शब्दांचे ७,२०० रुपये झाले. सगळं मिळून बेरीज ३३,६९० रुपये. जीएसटी लागू असेल तर वेगळा. ठोक सांगणाऱ्याचा आकडा यापेक्षा बराच खाली असेल, तर या टप्प्यांपैकी कुठले त्यात नाहीत ते त्याला विचारावं.

आता दुरुस्तीच्या फेऱ्या. कोटेशनमध्ये साधारण असं लिहिलेलं असतं: दुरुस्तीची एक फेरी दरात समाविष्ट, काम मिळाल्यापासून पंधरा दिवसांत, सर्व सूचना एकाच फाइलमध्ये, एकाच जबाबदार व्यक्तीकडून. ही अट जाचक वाटते, पण ती अनुभवातून आली आहे. विक्री विभाग ‘मशीन’च्या जागी ‘यंत्र’ करायला सांगतो, पुढच्या आठवड्यात सर्व्हिस इंजिनिअर म्हणतात ‘आमच्या शेतकऱ्याला मशीनच कळतं, परत करा.’ दोघांचं भांडण अनुवादकाच्या टेबलावर होऊ नये, म्हणून सूचना एकाच माणसाने गोळा करून पाठवायच्या. त्याहून चांगला उपाय म्हणजे काम सुरू होण्यापूर्वी मुख्य साठ-सत्तर भागांच्या नावांची यादी कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरकडून मंजूर करून घेणं. चोक, क्लच, गिअरबॉक्स, पाती यांना त्यांचे मेकॅनिक काय म्हणतात ते त्यांनाच ठाऊक असतं.

‘दुरुस्ती’ हा शब्द कारखानदार तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात, म्हणून अटी नीट वेगळ्या केलेल्या असाव्यात. अनुवाद चुकला असेल, आकडा गळला असेल, तर ती दुरुस्ती कधीही आणि विनामूल्य झाली पाहिजे. त्याला फेरीची मर्यादा लावणाऱ्या अनुवादकाला काम देऊ नये. आवडीनिवडीचे बदल त्या एका फेरीत बसतात. मूळ इंग्रजीच बदललं, तर मात्र ते नवं काम. समजा अनुवाद चालू असताना इंजिन बदललं आणि तेलाचं माप ६०० मिलिलिटरवरून ७०० झालं. मालकांच्या दृष्टीने एक आकडा बदलला. पुस्तकात तो तांत्रिक माहितीच्या तक्त्यात आहे, तेल बदलण्याच्या कृतीत आहे, देखभालीच्या वेळापत्रकात आहे आणि एका आकृतीतही आहे. चारपैकी एक जरी जागा सुटली तरी शेतकरी चुकीचं तेल भरेल. पानं लावून झाल्यावर हा बदल आला तर अनुवादाची फाइल, मेमरी आणि छपाईची फाइल अशा तिन्ही ठिकाणी तो करावा लागतो. म्हणून असे बदल ताशी दराने आकारतात आणि कोटेशनच्या पहिल्याच ओळीत कुठल्या तारखेची, कुठल्या आवृत्तीची मूळ फाइल धरली आहे ते लिहिलेलं असतं.

मुदतही या आकड्यांतूनच निघते. अनुभवी अनुवादक दिवसाला दोन ते अडीच हजार शब्द नीट करतो. आपल्या पुस्तकाला अनुवादाचे पाच दिवस, तपासणीचे दोन, आकृत्या आणि पानं लावण्याचे तीन आणि अखेरच्या वाचनाचा एक असे अकरा दिवस लागतील. तीन दिवसांत देतो म्हणणाऱ्याने काम चार जणांत वाटलेलं असण्याची शक्यता आहे, आणि मग एकच भाग एका प्रकरणात ‘झडप’ आणि दुसऱ्यात ‘व्हॉल्व्ह’ होतो.

कारखानदारांना माझी एक कळकळीची विनंती आहे. कोटेशन मागताना पीडीएफ नको, मूळ संपादन करता येणारी फाइल आणि आकृत्यांची ड्रॉइंग पाठवा. आणि मंजुरी देण्याआधी त्यात एक ओळ लिहून घ्या: काम संपल्यावर ट्रान्सलेशन मेमरी टीएमएक्स स्वरूपात कंपनीला मिळेल. ही फाइल कुठल्याही अनुवादकाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडता येते. पुढच्या वर्षी नवं मॉडेल आलं आणि पुस्तकातले पंधराशेच शब्द बदलले, तर पूर्ण दर तेवढ्याच शब्दांचा द्यावा लागेल, मग काम त्याच अनुवादिकेकडे असो की दुसऱ्या कुणाकडे.