दोन पंप आणि एक नळकांडं

शेजारच्या काकूंना दम्याचा त्रास आहे. त्यांच्या उशाशी निळा पंप कायम असायचा आणि दर दोन महिन्यांनी संपायचा. दुसरा पंप कपाटात पडून होता. त्यावरचा आकडा दिवाळीपासून 112 वरच अडकलेला. "त्याने काही फरकच पडत नाही गं," असं त्या म्हणायच्या.

फरक लगेच पडणारच नाही, कारण दोघांची कामं वेगळी आहेत. निळ्यात सालब्युटामॉल असतं. ते आवळलेल्या श्वासनलिकांभोवतीचे स्नायू सैल करतं, म्हणून पाच-दहा मिनिटांत मोकळं वाटतं. पण चार-सहा तासांत त्याचा जोर ओसरतो आणि नळ्यांच्या आतली सूज तशीच राहते. ती सूज दुसऱ्या पंपातलं बुडेसोनाइडसारखं स्टेरॉइड उतरवतं, तेही रोज घेतलं तर आणि दिवसा-आठवड्यांनी. स्टेरॉइडची भीती मी समजू शकते, पण इथे मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीत मिलिग्रॅममध्ये. निळ्या पंपाचे 200 झोत असलेले तीन किंवा जास्त डबे वर्षात लागत असतील, तर दमा आटोक्यात नाही. काकूंना सहा लागत होते. रंग कंपनीगणिक बदलतो, म्हणून औषधाचं नाव वाचावं. काही पंपांत दोन्ही औषधं एकत्र असतात. ते कधी घ्यायचे हे डॉक्टरांकडूनच नीट विचारून घ्यावं.

मी काकूंना पंप घेऊन दाखवायला सांगितलं. त्यांनी स्पेसरमध्ये लागोपाठ दोन झोत मारले, मग झटकन श्वास ओढला. स्पेसर शिट्टीसारखा वाजला. बऱ्याच स्पेसरमध्ये ही शिट्टी मुद्दाम ठेवलेली असते: श्वास फार जोरात ओढला जातोय, एवढंच ती सांगते. पंपातून झोत फार वेगाने सुटतो आणि थेट घेतला तर बराचसा घशावरच आपटतो. नळकांड्यात त्याचा वेग मंदावतो. पण आपणच जोरात ओढलं तर तो पुन्हा घशाकडेच जाणार.

मग आम्ही सावकाश केलं. टोपण काढून पंप चांगला हलवला आणि स्पेसरला बसवला. काकूंनी श्वास पूर्ण सोडला, तोंडाची कड दातांत धरून ओठ घट्ट मिटले. एकच झोत, लगेच संथ, खोल श्वास आणि मग दहा सेकंद रोखून धरला. अर्ध्या मिनिटाने पंप परत हलवून दुसरा झोत. ज्यांना श्वास रोखणं जमत नाही त्यांनी, लहान मुलांनीही, स्पेसरमधून पाच-सहा साधे श्वास घेतले तरी चालतं. शेवटी चूळ भरून पाणी थुंकून टाकायचं, नाहीतर स्टेरॉइडमुळे तोंडात पांढरे चट्टे येतात.

स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन तसाच वाळू द्यायचा. फडक्याने पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज साठते आणि औषध भिंतींनाच चिकटतं. काकू तो रोज पदराने पुसायच्या.

सकाळी दोन, रात्री दोन झोत, अशी त्यांची चिठ्ठी. चौदा दिवसांनी आकडा 56 वर आला होता. रात्रीचा खोकला थांबला होता, आणि निळा पंप त्या आठवड्यात एकदाच लागला.