ग्रुप मेसेज का फुटतो

एसएमएसला ग्रुप ही गोष्ट माहीतच नाही. 3 डिसेंबर 1992 रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या तरुण इंजिनिअरने संगणकावरून व्होडाफोनच्या एका अधिकाऱ्याच्या फोनवर नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या. तो पहिला एसएमएस. तेव्हापासून आजपर्यंत एसएमएसच्या पाकिटावर एकच पत्ता मावतो. पाठवणारा एक, घेणारा एक. आपण पाच जणांना मिळून एक मेसेज पाठवला असं वाटतं, तेव्हा फोन पाच वेगळी पाकिटं टाकत असतो, आणि कोणत्याही पाकिटावर उरलेल्या चौघांचा उल्लेख नसतो. उत्तर देणारा फक्त तुम्हाला उत्तर देतो, कारण बाकीचे होते हे त्याच्या फोनला कधी कळलेलंच नसतं.

नागपुरात राहणाऱ्याला याची झळ सहसा लागत नाही. घरचा, सोसायटीचा, शाळेचा, भिशीचा ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपवर असतो आणि एसएमएस उरतो तो बँकेच्या ओटीपीपुरता. झळ लागते ती मुलं अमेरिकेत गेल्यावर. तिथे फोनसोबत आलेल्या मेसेजच्या अ‍ॅपमध्येच ग्रुप करायची सवय अजून घट्ट आहे. मुलगा नागपूरच्या लग्नाची चर्चा त्याच ग्रुपवर सुरू करतो आणि आठवड्याभरात कुणाला अर्धे मेसेज मिळतात, कुणाला एकही नाही, तर कुणाकडे एकाच ग्रुपचे तीन ग्रुप झालेले असतात.

असं का होतं हे पाहायचं तर एक प्रश्न धरून ठेवायचा: ग्रुपमधल्या माणसांची यादी कुठे राहते? साध्या एसएमएसमध्ये ती कुठेच राहत नाही. ही उणीव भरून काढायला फोन एमएमएसकडे वळतो. 2002च्या सुमारास फोटो पाठवण्यासाठी आलेल्या या पद्धतीत पाकिटावर अनेक पत्ते लिहायची सोय आहे. म्हणून मजकूर चार शब्दांचा असला, सोबत फोटो नसला, तरी दुसरा नंबर टाकताच फोन मेसेजला मल्टिमीडिया करतो. त्याला चित्र नको असतं, पत्त्यांची जागा हवी असते.

मराठीत लिहिणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक कारण जोडलं जातं. एसएमएसची जागा 140 बाइटची. इंग्रजी लिपीत त्यात 160 अक्षरं बसतात, देवनागरीत 70, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘नागपूर’ या शब्दाचे सहा होतात. मजकूर लांबला की तो तुकड्यांत जातो आणि तुकडे जुळवायची खूण ठेवावी लागत असल्याने प्रत्येक तुकड्यात 67च मावतात. म्हणजे 150 अक्षरांच्या मराठी निरोपाचे तीन एसएमएस. तोच अकरा नातेवाइकांना धाडला की 33. रोज शंभर एसएमएस देणाऱ्या पॅकचा तिसरा हिस्सा एका निरोपात संपला. शिवाय अनेक अँड्रॉइड फोन ठरावीक तुकड्यांनंतर लांब मेसेज आपणहून एमएमएस करतात. इंग्रजीत लिहिणाऱ्याच्या कितीतरी आधी ही मर्यादा मराठीत लिहिणाऱ्याला गाठते.

एमएमएस पोचतो कसा, हे कळल्याशिवाय तो का अडकतो हे कळत नाही. मेसेज आधी पाठवणाऱ्याच्या मोबाइल कंपनीच्या एमएमएस केंद्रात जातो. घेणाऱ्याची कंपनी वेगळी असेल तर तिच्या केंद्राकडे सोपवला जातो. ते केंद्र घेणाऱ्याच्या फोनला एक अदृश्य एसएमएस पाठवतं, ज्यात फक्त माल कुठे ठेवला आहे त्याचा पत्ता असतो. मग फोन मोबाइल डेटावरून तिथे जाऊन मेसेज उतरवून घेतो. घरात वायफाय उत्तम आहे, म्हणून मोबाइल डेटा बंद ठेवला, की अनेक फोनांवर हा शेवटचा टप्पा होत नाही. डाउनलोडचं बटण दिसतं, दाबलं की फिरत राहतं. आईवडील अमेरिकेला जाताना बँकेच्या ओटीपीसाठी भारतीय सिम चालू ठेवतात आणि रोमिंगचा डेटा बंद करतात. ते योग्यच आहे. पण त्या नंबरवर आलेला एमएमएस मग उतरणार नाही, हे धरून चालायचं.

सोपवण्याचा मधला टप्पा तर याहून कच्चा. दोन देशांतल्या दोन कंपन्यांमध्ये एमएमएसच्या देवाणघेवाणीचा करार असेल तरच माल पुढे सरकतो. अमेरिका ते भारत या वाटेवर त्याचा भरवसा धरता येत नाही, आणि पाठवणाऱ्याला दर वेळी नकाराची सूचना मिळेलच असंही नाही.

आता एक घर समोर ठेवू. न्यू जर्सीत मुलाकडे आयफोन, सूनबाईंकडे पिक्सेल. सिअ‍ॅटलला मुलीकडे आयफोन. धरमपेठेत आईकडे भारतीय सिमचा अँड्रॉइड, आणि पुण्यात मामांकडे भारतीय सिमचा आयफोन. मुलगा, मुलगी आणि मामा या तिघांचाच ग्रुप असता तर तो आयमेसेजवर गेला असता. 2011 साली आलेली ही अ‍ॅपलची स्वतःची इंटरनेटवरची सेवा. आई आणि सूनबाई आल्या की आयमेसेज बाद, कारण अँड्रॉइडला तिथे प्रवेश नाही. पाचही जणांकडे पुढे येणारी आरसीएस ही नवी पद्धत चालू नसेल, तर आयफोन एमएमएस करतो. मुलाचा मेसेज सूनबाईंना आणि मुलीला मिळतो. आईकडे काहीच पोचत नाही. मामांनाही ग्रुपचा मेसेज मिळत नाही, म्हणून मुलगा त्यांना वेगळं कळवतो. मामा आपल्या फोनवर बाकीचे चौघे निवडून उत्तर लिहितात. त्यांच्याकडे ग्रुप मेसेजिंग बंद असल्याने ते उत्तर सुटंसुटं जातं: दोन आयफोनना आयमेसेज, दोन अँड्रॉइडना एसएमएस. आईला आता मामांचं उत्तर दिसतं, ते ज्याला होतं तो प्रश्न दिसत नाही. ती विचारते, ‘कोणता हॉल?’, आणि तिचा प्रश्न फक्त मामांना जातो. यात कुणी काही चुकीचं दाबलेलं नाही.

यादी पाकिटावरच असल्यामुळे एमएमएसच्या ग्रुपला स्वतःची ओळख नसते. नंबरांचा संच हीच त्याची ओळख. एक माणूस वाढवला की नवा ग्रुप होतो, ग्रुप सोडायची सोय नसते, नाव दिलं तर ते बहुधा आपल्याच फोनपुरतं राहतं. मुलीच्या आयफोनमध्ये ‘Start New Conversations From’च्या खाली नंबराऐवजी ईमेल निवडलेला असेल, तर तिचा मेसेज त्या ईमेलच्या पत्त्यावरून येऊ शकतो आणि सूनबाईंच्या पिक्सेलवर तो अनोळखी माणसाचा नवा ग्रुप म्हणून उघडतो. दोन सिमचे फोन वापरणारे चुकून दुसऱ्या सिमवरून उत्तर देतात, तेव्हाही हेच घडतं.

नंबर जतन करण्यातला एक धोका मला सगळ्यात गंभीर वाटतो. भारतातला मोबाइल नंबर दहा अंकी, अमेरिकेतलाही दहा अंकी. मुलाने आईचा नंबर भारतात असताना +91 न लावता साठवला असेल, तर अमेरिकन सिम त्याला तिथलाच नंबर समजू शकतं. 973 आणि 908 हे न्यू जर्सीचे एरिया कोड आहेत, आणि या अंकांनी सुरू होणारे मोबाइल नंबर आपल्याकडेही असतात. घरचा निरोप तिकडच्या परक्या माणसाच्या हाती पडू शकतो, आणि ग्रुपमध्ये असल्याने त्याला सगळ्यांचे नंबरही दिसतात. सगळ्या नातेवाइकांचे नंबर +91 किंवा +1 लावून साठवणं हे पहिलं काम.

आरसीएस ही एसएमएस-एमएमएसच्या जागी आलेली पद्धत. मेसेज इंटरनेटवरून जातो आणि यादी सर्व्हरवर राहते, म्हणून ग्रुपला खरी ओळख मिळते. गुगलने 2015 साली जाइब ही कंपनी विकत घेऊन अँड्रॉइडवर ती पसरवली, आणि सप्टेंबर 2024 मध्ये आयओएस 18 सोबत ती आयफोनवर आली. पण तिथे ती सिमच्या कंपनीवर अवलंबून आहे. Settings, मग Apps, मग Messages इथे ‘RCS Messaging’ ही ओळ दिसली तर चालू करायची. अद्ययावत फोनवरही ती दिसतच नसेल, तर बहुधा त्या कंपनीने ती दिलेली नाही आणि फोनशी झटापट करण्यात अर्थ नाही. अँड्रॉइडवर गुगल मेसेजेसच्या सेटिंगमध्ये ‘RCS chats’ उघडल्यावर ‘Connected’ दिसायला हवं. सिम बदललं किंवा फोन नवा घेतला की ही नोंदणी तुटलेली असू शकते. पाचांपैकी एकाची जरी नसली, तरी नवा ग्रुप पुन्हा एमएमएसवर येतो.

कोणत्या वाटेवर आहोत हे लिहायच्या चौकटीतच कळतं. आयफोनवर तिथे ‘iMessage’ किंवा ‘Text Message • RCS’ असं फिकट अक्षरांत असतं, गुगल मेसेजेसमध्ये ‘RCS message’. हे दिसलं नाही तर एमएमएस समजायचा आणि मग दोन सेटिंग तपासायची. आयफोनवर ‘MMS Messaging’ आणि ‘Group Messaging’ दोन्ही चालू हवीत. गुगल मेसेजेसमध्ये ‘Group messaging’च्या खाली ‘mass text’ निवडलेलं असेल तर ते बदलून ‘group MMS’ करायचं, नाहीतर त्या व्यक्तीचं प्रत्येक उत्तर सुटंसुटं जात राहील.

कुणी आयफोन सोडून अँड्रॉइड घेतला असेल तर आणखी एक काम उरतं. अ‍ॅपलच्या यादीत त्याचा नंबर तसाच राहतो आणि आयफोनवाल्यांचे मेसेज आता नसलेल्या आयमेसेजकडे जाऊन गडप होतात. जुना फोन विकण्याआधी त्यात आयमेसेज बंद करायचं. विकून झाला असेल तर खालच्या पानावर नंबर आणि त्यावर आलेला कोड टाकून नोंद काढता येते.

```
selfsolve.apple.com/deregister-imessage
```

त्यानंतरही जुना ग्रुप वापरत राहू नये. तो आयमेसेजचा म्हणून जन्मलेला असतो आणि अँड्रॉइडवाल्याला सामावून घेत नाही. सगळ्यांनी तो पुसून एकाने नवा करायचा.

अमेरिकेतल्या अमेरिकेत, सगळ्यांचं आरसीएस चालू असेल, तर मेसेजच्या अ‍ॅपमधला ग्रुप आता चांगला चालतो. नागपूर आणि न्यू जर्सी एका ग्रुपमध्ये हवेत तर मात्र माझं मत स्पष्ट आहे: एमएमएसवर तो चालवू नये. जिथे यादी एकाच सर्व्हरवर राहते आणि फोन कोणत्या कंपनीचा आहे याने फरक पडत नाही, असं व्हॉट्सअ‍ॅप किंवा सिग्नल घ्यावं. एमएमएसचा मजकूर वाटेतल्या कंपन्यांना वाचता येतो, तेव्हा आधार कार्डाचा किंवा पासपोर्टचा फोटो त्या वाटेने पाठवायचाच नाही.

कोणताही ग्रुप केला तरी पहिल्याच दिवशी एक चाचणी घ्यावी. प्रत्येकाने मोबाइल डेटा चालू ठेवून त्या ग्रुपमध्ये आपलं नाव लिहायचं, आणि मग प्रत्येकाने आपल्याला किती नावं दिसली ते लिहायचं. पाच जणांत सगळ्यांना पाच दिसली तर ग्रुप जुळला. एखाद्याचं नाव वेगळ्या खिडकीत उघडलं तर त्याचं सेटिंग किंवा त्याचं सिम पाहायचं. एखाद्याला स्वतःचंच नाव दिसत असेल, तर त्याच्यापर्यंत ग्रुपचे मेसेज पोचत नाहीत, आणि त्याला फोन करून सांगायला हवं.